एजिंग रिपोर्ट काढताय? मग या चुका टाळा, नाहीतर अडकत चाललेली उधारी दिसणारच नाही

गेली बरीच वर्षं मी सांगली-कोल्हापूर भागातल्या डिस्ट्रिब्युटर लोकांचे अकाउंट्स बघतोय, पाईप-फिटिंग, हार्डवेअर, पेंट अशी लाईन, जिथे माल उधारीवरच जातो. एजिंग रिपोर्ट म्हणजे कुठल्या पार्टीचं किती येणं किती दिवसांपासून थकलंय हे रकान्यांत मांडलेला तक्ता, मुदतीत, १ ते ३० दिवस, ३१ ते ६०, ६१ ते ९० आणि ९० च्या वर. हा तक्ता टॅलीतून मिनिटभरात निघतो आणि म्हणूनच त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला जातो. पण आत एन्ट्री चुकीच्या असतील तर तोच तक्ता धोक्याची पार्टी लपवून ठेवतो.

पहिली चूक : वय बिलाच्या तारखेपासून मोजणं

समजा ३० सप्टेंबरला दोन पार्ट्यांचं येणं बरोब्बर ३ लाख आहे. पहिली पार्टी मोठी कॉन्ट्रॅक्टर, तिला ६० दिवसांची मुदत, बिलं १२ ऑगस्टचं १,४०,००० आणि ५ सप्टेंबरचं १,६०,०००. दुसरं एक हार्डवेअर दुकान, मुदत ३० दिवसांची, चार बिलं : १८ मे ७०,०००, २० जून ९०,०००, ८ जुलै ६०,००० आणि १४ सप्टेंबर ८०,०००.

बिलाच्या तारखेपासून मोजलं तर कॉन्ट्रॅक्टरचं १२ ऑगस्टचं बिल ४९ दिवसांचं होतं आणि ३१ ते ६० च्या रकान्यात जाऊन बसतं, मग ऑफिसातला मुलगा त्यांना फोन करत सुटतो. प्रत्यक्षात ते बिल ११ ऑक्टोबरला ड्यू आहे, त्यांच्याकडे आज एक रुपयासुद्धा थकलेला नाही. दुकानाचं मात्र ड्यू डेटपासून मोजलं की चित्र असं दिसतं :

| रकाना | दुकानाचं येणं |
|---|---|
| मुदतीत | ८०,००० |
| १ ते ३० दिवस | ० |
| ३१ ते ६० | ६०,००० (५४ दिवस) |
| ६१ ते ९० | ९०,००० (७२ दिवस) |
| ९० च्या वर | ७०,००० (१०५ दिवस) |

लेजरला दोघांचं बॅलन्स सारखंच, पण एक निवांत आहे आणि दुसऱ्याचे २,२०,००० थकलेत. टॅलीत ageing काढताना Bill Date की Due Date असं निवडता येतं, तिथे Due Date घ्या. आणि त्याच्या आधी प्रत्येक पार्टीच्या लेजरमध्ये Maintain balances bill-by-bill हे Yes आहे ना आणि Default credit period भरलाय ना ते बघा, कारण मुदत भरलेलीच नसेल तर टॅली बिलाची तारीख हीच ड्यू डेट धरतं आणि तुम्ही Due Date निवडूनही काही फरक पडत नाही. हे लोक कायम विसरतात.

दुसरी चूक : पैसे आले की On Account टाकून मोकळं होणं

पार्टीने ५०,००० पाठवले, कुठल्या बिलाचे ते विचारायचा कंटाळा, म्हणून रिसीटमध्ये On Account. लेजरचं बॅलन्स बरोबर येतं, त्यामुळे कुणाला काही खटकत नाही. पण बिलवाईज रिपोर्टमध्ये जुनं बिल तसंच उभं राहतं आणि जमा रक्कम बाजूला लोंबकळत राहते. चांगल्या पार्टीला तुम्ही थकबाकीदार समजून फोन करता, ती चिडते, म्हणते अहो पैसे कधीच दिलेत की.

याच्या उलट चूक जास्त घातक आहे. काही ऑफिसांत नियमच करून टाकलेला असतो की आलेले पैसे सगळ्यात जुन्या बिलाला लावायचे. ऐकायला सरळ वाटतं, पण एका डिस्ट्रिब्युटरकडे मी याचं काय होतं ते बघितलंय. एका दुकानाला मे महिन्यात गेलेल्या मालातले काही पाईप तडकलेले निघाले, त्यांनी ते बिल अडवून ठेवलं आणि पुढची सगळी बिलं वेळेवर दिली, प्रत्येक ट्रान्स्फरच्या नोंदीत बिल नंबर घालून. इकडे क्लार्क प्रत्येक पेमेंट जुन्या बिलाला लावत गेला. त्यामुळे रिपोर्टमध्ये कायम शेवटचंच एखादं बिल वीस-पंचवीस दिवस थकलेलं दिसायचं, म्हणजे अगदी निरोगी पार्टी. भांडण कळलं ते फेब्रुवारीत, तेव्हा तडकलेले पाईप ना दुकानात होते ना कंपनीला क्लेम करायची मुदत उरली होती.

खरं तर कायदाही याबाबत स्पष्ट आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ५९ ते ६१ प्रमाणे पैसे देणाऱ्याने कुठल्या देण्यासाठी ते सांगितलं असेल तर पैसे घेतल्यावर ते तिथेच लावायचे, त्याने काहीच सांगितलं नसेल आणि परिस्थितीवरूनही कळत नसेल तर घेणारा ठरवू शकतो, आणि दोघांनीही काही ठरवलं नाही तरच जुन्यापासून क्रमाने. म्हणून रिसीट करताना Agst Ref निवडून पार्टीने सांगितलेलंच बिल उचला, सांगितलं नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाकून विचारा. मधलंच एखादं बिल सोडून पुढची बिलं भरली जातायत असं दिसलं तर ते पैशाच्या टंचाईचं लक्षण नाही, तिथे बहुतेक वेळा मालाची किंवा रेटची तक्रार असते. वसुलीचा फोन करून उपयोग नाही, सेल्समनला पाठवा आणि तक्रार खरी असेल तर क्रेडिट नोट वेळेत काढा. जीएसटीत टॅक्स कमी करून घ्यायला आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच वाव असतो, आणि वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तेवढाही नाही.

तिसरी चूक : बाउन्स झालेल्या चेकने बिल पुन्हा तरुण करणं

आता वरच्या त्या हार्डवेअर दुकानाकडे परत येऊ. १८ मेच्या बिलाचा ७०,००० चा चेक त्यांनी सप्टेंबरच्या सुरुवातीला दिला, तारीख पुढची, २४ सप्टेंबरची. ऑफिसने चेक हातात आल्याच दिवशी रिसीट करून टाकली. बिल रिपोर्टमधून गायब झालं, पार्टी बरी दिसायला लागली, आणि त्या भरवशावर १४ सप्टेंबरला ८०,००० चा नवा माल गेला. २६ तारखेला चेक परत आला.

क्लार्कने काय केलं, तर जर्नल एन्ट्री मारली, पार्टी डेबिट, बँक क्रेडिट, आणि पार्टीच्या बाजूला New Ref, नाव दिलं चेक रिटर्न, तारीख २६ सप्टेंबर. झालं, १०५ दिवसांचं येणं चार दिवसांचं झालं. ३० सप्टेंबरच्या रिपोर्टमध्ये ९० च्या वरच्या रकान्यात शून्य, आणि १ ते ३० च्या रकान्यात ७०,०००. मालकांनी ९० च्या वरची यादीच बघायची सवय लावून घेतलेली, त्यात हे नाव आलंच नाही.

इथे नुसता रिपोर्ट चुकत नाही, मुदतही हातातून जाते. चेक बाउन्सच्या केसमध्ये, म्हणजे कलम १३८ खाली, बँकेकडून चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते संपल्यावर तक्रार दाखल करायला एक महिना. महिनाअखेरच्या रिपोर्टमध्ये हे नाव दिसलं नाही तर पुढचा रिपोर्ट येईपर्यंत नोटिशीचे ३० दिवस निघून गेलेले असतात.

उपाय साधा आहे. पुढच्या तारखेचा चेक वठेपर्यंत त्याची रिसीट धरू नका, टॅलीत पोस्ट-डेटेड म्हणून टाका किंवा वहीत वेगळी यादी ठेवा. परत आलाच तर उलटी एन्ट्री करताना मूळ बिलाचाच नंबर Agst Ref मध्ये द्या म्हणजे ते बिल १८ मेचंच राहतं, बँकेचे चार्जेस तेवढे वेगळे टाका. हीच गडबड १ एप्रिलला नवी कंपनी उघडताना होते, पार्टीचं ओपनिंग बॅलन्स एकगठ्ठा टाकलं जातं आणि दोन वर्षांपूर्वीची बिलं सुद्धा १ एप्रिलची होऊन बसतात. ओपनिंगला बिलं एकेक करून मूळ तारखेनेच चढवा, जरा वेळ जातो पण दुसरा मार्ग नाही.

कसं ओळखायचं? ३१ ते ६० च्या रकान्यात गेल्या महिन्यात जे बिल होतं ते या महिन्यात एकतर वसूल झालेलं हवं नाहीतर ६१ ते ९० च्या आसपास सरकलेलं हवं. दोन्ही नसेल आणि बँकेत पैसेही दिसत नसतील तर कुणीतरी त्याचं वय बदललंय.

चौथी चूक : एकाच महिन्याचा रिपोर्ट बघणं

त्याच दुकानाचे तीन महिने शेजारी ठेवा, एन्ट्री नीट केल्या असं धरून.

| महिनाअखेर | मुदतीत | १–३० | ३१–६० | ६१–९० | ९० वर | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|
| जुलै | ६०,००० | ९०,००० | ७०,००० | ० | ० | २,२०,००० |
| ऑगस्ट | ० | ६०,००० | ९०,००० | ७०,००० | ० | २,२०,००० |
| सप्टेंबर | ८०,००० | ० | ६०,००० | ९०,००० | ७०,००० | ३,००,००० |

जुलै आणि ऑगस्टचं एकूण सारखंच आहे, म्हणून ऑगस्टमध्ये कुणाचं लक्ष गेलं नाही. पण आडवं वाचलं तर दिसतं की तिन्ही आकडे जसेच्या तसे एकेक घर उजवीकडे सरकलेत, म्हणजे महिनाभरात एक बिलसुद्धा सुटलं नाही आणि नवा मालही उचलला नाही. नेहमी दर महिन्याला घेणारं दुकान अचानक घेणं थांबवतं तेव्हा एकतर त्याची विक्री बसलीय किंवा तो दुसऱ्याकडून रोखीने माल घेतोय आणि तुमचं येणं तसंच ठेवतोय. माल थांबवायची वेळ ऑगस्टअखेर होती, ९० दिवस उलटण्याची वाट बघायची गरजच नव्हती. मी तर आता सगळ्यांना सांगतो की एखादं बिल ६० च्या पुढे सरकलं की नव्या ऑर्डरला मालकाची सही लागलीच पाहिजे, सेल्समनने कितीही गळ घातली तरी.

सीएने बॅलन्स शीटला जोडलेला तक्ता मात्र या कामाला वापरू नका. कंपन्यांच्या बॅलन्स शीटमध्ये थकलेल्या येण्याचा पहिला रकानाच सहा महिन्यांच्या आतला असतो, त्यात ५ दिवस थकलेलं आणि १०५ दिवस थकलेलं एकत्रच जातं.

आणि जी बिलं दोन वर्षांच्या पुढे गेलीत त्यांची वेगळी यादी काढा. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करायची मुदत साधारण तीन वर्षांची असते, पण ती संपायच्या आत पार्टीने येणं लेखी कबूल करून सही दिली तर तिथून पुन्हा तीन वर्षं मिळतात. म्हणून त्या पार्ट्यांना बिलवार यादी घालून बॅलन्स कन्फर्मेशन पाठवा आणि सही-शिक्क्यासह परत आणायला माणूस पाठवा, फोनवरच्या "हो हो देतो" ला तिथे काही किंमत नाही.