३६ यायला हवेत, मग ३३ का येतात? आच्छादक फलनं मोजताना या चुका टाळा

लग्नघरात आत्या, काका, मामा आणि मावशी असे चार पाहुणे मुक्कामाला आलेत आणि खोल्या आहेत तीन. प्रत्येकाला एकच खोली द्यायची. एका खोलीत कितीही जण राहिले तरी चालेल, पण एकही खोली रिकामी राहता कामा नये. अशी वाटणी किती प्रकारे होईल?

प्रत्येक पाहुण्याला नेमकी एक खोली मिळते, म्हणून ही वाटणी म्हणजे चार घटकांच्या संचाकडून तीन घटकांच्या संचाकडे जाणारं फलन. एकही खोली रिकामी नको, म्हणून ते आच्छादक, म्हणजे वर्गात आपण ज्याला ‘ऑन्टो’ म्हणतो ते. उत्तर आहे ३६. पण हाच प्रश्न दहा जणांना घातला तर ३३, ४२, ७२, ३ आणि अगदी ० सुद्धा ऐकायला मिळतं. यातली गंमत अशी की ही चुकीची उत्तरं अंदाजपंचे आलेली नसतात. प्रत्येक आकड्यामागे एक ठराविक चूक असते, आणि आकडा पाहिला की ती बहुतेकदा ओळखता येते.

आधी ३६ ची खात्री हाताने करून घेऊ. सूत्र लिहून झाल्यावर यादी करायला बसलं की हात नकळत सूत्राच्या उत्तराकडे ओढला जातो, म्हणून यादी आधी.

पाहुण्यांचा क्रम कायमचा ठरवू: आत्या, काका, मामा, मावशी. प्रत्येकाच्या खोलीचा क्रमांक त्याच क्रमाने ओळीने लिहायचा. ११२३ याचा अर्थ आत्या आणि काका पहिल्या खोलीत, मामा दुसऱ्या, मावशी तिसऱ्या. आता १, २, ३ हे तिन्ही अंक असलेल्या चार अंकी संख्या लिहायच्या, आणि त्या चढत्या क्रमानेच. सुचेल तशा लिहिल्या की एखादी हमखास दोनदा येते आणि एखादी निसटते. १ ने सुरू होणाऱ्या संख्या या:

११२३, ११३२
१२१३, १२२३, १२३१, १२३२, १२३३
१३१२, १३२१, १३२२, १३२३, १३३२

दोन, पाच आणि पाच, म्हणजे बारा. २ ने सुरू होणाऱ्या वेगळ्या लिहायची गरज नाही. वरच्या प्रत्येक संख्येत १ च्या जागी २ आणि २ च्या जागी १ लिहिलं की २ ने सुरू होणारी एक संख्या मिळते, आणि उलट अदलाबदल केली की पहिली परत येते. ३ चंही तसंच. म्हणून एकूण १२ × ३ = ३६.

आता समावेशन-अपवर्जनाचा, म्हणजे इन्क्लूजन-एक्स्क्लूजनचा हिशोब. कुठलीही अट नसेल तर वाटण्या ३ × ३ × ३ × ३ = ८१. पहिली खोली रिकामी राहणाऱ्या वाटण्यांत प्रत्येकापुढे दोनच पर्याय उरतात, म्हणजे १६. अशा खोल्या तीन, म्हणून ४८ वजा करायचे. दोन खोल्या रिकाम्या राहिल्या तर सगळे उरलेल्या एकाच खोलीत. तसं तीन प्रकारे होतं, म्हणून ३ मिळवायचे. तिन्ही खोल्या रिकाम्या राहूच शकत नाहीत. ८१ − ४८ + ३ = ३६. यादीशी जुळलं.

३३ आलं तर

शेवटचे ३ परत मिळवायचे राहिलेत. “रिकामी खोली असलेल्या वाटण्या काढून टाकल्या, मग पुन्हा मिळवायचं कशाला?” हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर एका वाटणीचं खातं मांडलं की दिसतं. ३३३३ घ्या, सगळे तिसऱ्या खोलीत. ८१ मध्ये ती एकदा जमा झाली. पहिली खोली रिकामी म्हणून एकदा वजा झाली आणि दुसरी रिकामी म्हणून पुन्हा वजा झाली. खात्यात शिल्लक उणे एक. आपल्याला ती शून्यावर हवी आहे, म्हणून एकदा परत मिळवायची. ११११ आणि २२२२ यांचं खातंही असंच. याउलट ११२२ एकदा जमा, एकदा वजा, तिथे मिळवण्यासारखं काही नाही. आणि ११२३ वजाबाकीत कुठेच येत नाही, ती एक म्हणून शिल्लक राहते. पदांची चिन्हं पाठ करण्यापेक्षा हे खातं मांडणं मला कायम सोपं वाटत आलंय.

खोल्या वाढल्या तर खातं लांबतं. पाच पाहुणे आणि चार खोल्या असतील तर सगळे एकाच खोलीत असण्याची वाटणी एकदा जमा, तीनदा वजा आणि मग तीनदा जमा होते. शिल्लक एक. म्हणून तिथे शेवटी पुन्हा वजाबाकी येते: १०२४ − ९७२ + १९२ − ४ = २४०. तीन खोल्यांच्या उदाहरणात शेवटचं पद अधिक होतं म्हणून इथेही अधिकच धरलं, तर २४८ येतं.

४२ आलं तर

ही चूक ‘फक्त’ या शब्दातून येते. पहिली खोली रिकामी असलेल्या वाटण्या १६, पण त्यांत सगळे दुसऱ्या खोलीत आणि सगळे तिसऱ्या खोलीत या दोन वाटण्याही आहेत. कोणी काळजीपूर्वक विचार करून त्या दोन काढतो: फक्त पहिलीच रिकामी असेल तर १४. हे बरोबर आहे. मग तो सूत्राच्या सवयीने ८१ − ४२ + ३ करतो आणि उत्तर योगायोगाने पुन्हा ४२ येतं. इथे दोन पद्धतींची सरमिसळ झाली. १४ घेतलेत, तर एकही वाटणी दोनदा वजा होत नाही, मग परत मिळवायचं काय? उलट सगळे एकाच खोलीत असलेल्या ३ वाटण्या अजून वजाच व्हायच्या आहेत: ८१ − ४२ − ३ = ३६. ‘नेमकी हीच रिकामी’ किंवा ‘ही तरी रिकामी’, दोन्ही रस्ते चालतात, पण शेवटपर्यंत एकाच रस्त्याने जायचं.

७२ आलं तर

ही चूक सगळ्यात मोहक, आणि मी स्वतः तिच्यात बरेच दिवस अडकलो होतो. विचार असा असतो: आधी प्रत्येक खोलीत एकेक पाहुणा बसवू, म्हणजे रिकामी राहायची भीती गेली. पहिल्या खोलीसाठी चार पर्याय, दुसरीसाठी तीन, तिसरीसाठी दोन, म्हणजे २४. उरलेला एक पाहुणा कुठेही जाऊ दे, तीन पर्याय. २४ × ३ = ७२. वाचताना कुठेही खटकत नाही.

खटकतं ते यादीकडे पाहिल्यावर. ११२३ ही एकच वाटणी. पण या पद्धतीत ती दोन वेळा तयार होते: पहिल्या खोलीत आधी आत्या बसल्या आणि काका मागून आले, किंवा आधी काका बसले आणि आत्या मागून आल्या. ‘आधी’ आणि ‘मागून’ हा फरक आपण मोजताना निर्माण केला, वाटणीत तो नाहीच. चार पाहुणे आणि तीन खोल्या असताना प्रत्येक वाटणीत नेमकी एकच जोडी असते, म्हणून प्रत्येक वाटणी बरोबर दोनदा मोजली जाते आणि ७२ ची निम्मी ३६ येते.

इथेच खरा धोका आहे. “मग दोनने भागायचं” असा नियम अनेक जण मनाशी बांधतात, आणि पाच पाहुण्यांना तो कोसळतो. पाच पाहुणे, तीन खोल्या: ५ × ४ × ३ = ६०, उरलेल्या दोघांना ९ पर्याय, एकूण ५४०. खरं उत्तर २४३ − ९६ + ३ = १५०. ५४० ला १५० ने भागलं तर ३.६ येतात, म्हणजे कुठल्याच पूर्ण संख्येने भागून सुटका नाही. कारण वाटण्या दोन जातीच्या आहेत. एका खोलीत तिघे आणि बाकी दोन्हींत एकेक अशा ६० वाटण्या, आणि त्या खोलीतला ‘आधी बसलेला’ तिघांपैकी कोणीही असू शकतो, म्हणून त्या तीनदा मोजल्या जातात. दोन खोल्यांत जोड्या आणि तिसरीत एकटा अशा ९० वाटण्या, त्या चारदा मोजल्या जातात. ६० × ३ + ९० × ४ = ५४०. वेगवेगळ्या वाटण्या वेगवेगळ्या वेळा मोजल्या गेल्या की एकच भागाकार कामाचा नसतो. समावेशन-अपवर्जन लागतं ते अशा वेळी.

३ किंवा ० आलं तर

३ आलं असेल तर तुम्ही पाहुण्यांना एकसारखे लाडू समजलात. चार सारखे लाडू तीन डब्यांत, एकही डबा रिकामा नको, याचं उत्तर ३ आहे, कारण तिथे फक्त कोणत्या डब्यात दोन लाडू जातील एवढंच ठरवायचं असतं. फलनात आत्या आणि मामा वेगळे असतात.

० आलं असेल तर m आणि n ची अदलाबदल झाली. m घटकांच्या संचाकडून n घटकांच्या संचाकडे जाणाऱ्या आच्छादक फलनांची संख्या अशी:

n^m − C(n,1)·(n−1)^m + C(n,2)·(n−2)^m − …

इथे m म्हणजे पाहुणे, n म्हणजे खोल्या. निवड रिकाम्या खोल्यांची होते, म्हणून C मध्ये n येतो, आणि घातात पाहुणे. उलटं केलं की ६४ − १०८ + ४८ − ४ = ० येतं. तसं पाहिलं तर हिशोब चुकलेला नाही. तीन पाहुण्यांनी चार खोल्या भरण्याचे प्रकार शून्यच असतात, फक्त तो आपला प्रश्न नव्हता. सूत्र बरोबर लिहिलंय का हे तपासायलाही हाच शून्य वापरता येतो: दोन पाहुणे, तीन खोल्या घेतल्या की ९ − १२ + ३ = ० यायला हवं.

आणखी एक झटपट तपासणी आहे. खोल्यांचे क्रमांक अदलून-बदलून लावले की एका आच्छादक वाटणीच्या n! वेगळ्या वाटण्या होतात, म्हणून उत्तराला n! ने निःशेष भाग जायलाच हवा. ३३ ला ६ ने भाग जात नाही आणि २४८ ला २४ ने जात नाही, दोन्ही चुका लगेच पकडल्या जातात. मात्र ४२ आणि ७२ या दोघांनाही ६ ने भाग जातो, ते या चाळणीतून सहज निसटतात. त्यांना पकडायला बारा संख्यांची ती यादीच लागते. पाच पाहुण्यांची यादी हाताने करणं कंटाळवाणं आहे, तिथे संगणकाला मोजायला लावावं:

```python
from itertools import product
print(sum(len(set(f)) == 3 for f in product("123", repeat=5)))
```

हे १५० छापतं. `repeat=4` केलं की ३६.