‘स्पेस’चा आकडा आला म्हणजे मास इफेक्ट सिद्ध झाला असं नाही

मेटाकम्युनिटीवर, म्हणजे प्रसाराने एकमेकांशी जोडलेल्या समुदायांवर, डिसर्टेशन करायला बसलेल्यांसाठी लिहितोय. लायबोल्ड आणि सहकाऱ्यांचा २००४ चा पेपर वाचून झालाय असं धरतो. त्यातल्या चार चौकटींपैकी, म्हणजे पॅराडाइमांपैकी, सगळ्या जाती सारख्याच मानणारी न्यूट्रल चौकट बाजूला ठेवतो, कारण खरी मारामारी उरलेल्या तिघांत होते.

पॅच डायनॅमिक्समध्ये सगळे पॅच, म्हणजे अधिवासाचे तुकडे, जवळपास सारखे असतात. स्पर्धेत वरचढ असलेली जात पसरायला मंद आणि हरणारी चपळ, म्हणून दोघी टिकतात. लेव्हिन्सच्या पद्धतीने हिशोब करून बघा: वरचढ जातीचा वसाहतीचा दर ०.३ आणि नष्ट होण्याचा ०.१५ असेल, तर ती निम्मे पॅच व्यापते. नष्ट होण्याचा दर तोच ठेवला तर दुसरीला टिकायला वसाहतीचा दर ०.६ च्या वर लागतो, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. थोडीशी चपळाई पुरत नाही. स्पीशीज सॉर्टिंगमध्ये पॅच वेगवेगळे असतात आणि जो तो आपल्या जागी बसतो; त्यासाठी प्रसार इतकाच हवा की प्रत्येक जात योग्य जागी पोहोचेल.

मास इफेक्टमध्ये प्रसार इतका जोरात असतो की जात अयोग्य जागीसुद्धा दिसत राहते. एखाद्या तळ्यात डॅफ्निया या बारीक पाणजीवाची संख्या रोज १० टक्क्यांनी घटतेय, पण वरच्या तळ्यातून रोज २० नवे वाहून येताहेत. २० भागिले ०.१, म्हणजे २०० वर संख्या स्थिरावते. तुम्ही जाळं टाकता, भरपूर डॅफ्निया येतात आणि वहीत लिहिता, ‘अधिवास अनुकूल’. प्रत्यक्षात त्या तळ्यात तो मरतोय.

इथपर्यंत सगळ्यांना कळतं. माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो पुढच्या पायरीवर, आणि तुमचाही तिथेच जाणार.

सगळे व्हेरिएशन पार्टिशनिंग करतात, म्हणजे समुदायांतल्या फरकाचा किती भाग पर्यावरणाने, किती जागेने आणि किती दोघांनी मिळून समजतो हे वाटून बघतात. जातींची सारणी, पर्यावरणाची सारणी, जागेची सारणी, आणि मग हे:

```r
library(vegan)
zoo.h <- decostand(zoo, "hellinger")
varpart(zoo.h, env, mem)
anova(rda(zoo.h, mem, env))
```

शेवटची ओळ पर्यावरण वजा करून निव्वळ ‘स्पेस’चा भाग तपासते. कोटनीने २००५ मध्ये १५८ डेटासेट याच पद्धतीने चाळले आणि एक सोयीचा तक्ता दिला: फक्त पर्यावरण सार्थ असेल तर सॉर्टिंग, दोन्ही सार्थ असतील तर सॉर्टिंग अधिक मास इफेक्ट, फक्त स्पेस असेल तर न्यूट्रल किंवा पॅच डायनॅमिक्स. तेव्हापासून हा तक्ता गाईड लोकांच्या हातात पंचांगासारखा आहे. ‘मग, कोणतं पॅराडाइम निघालं?’ हा प्रश्न मला अजून ऐकवत नाही. सिनिअरची स्क्रिप्ट घेऊन आपली फाइल त्यात घालायची आणि तक्त्यातून नाव उचलायचं, हा शॉर्टकट तर त्याहून वाईट. मुहूर्त काढल्यासारखं पॅराडाइम काढता येत नाही.

कारण असं: जवळची तळी एकमेकांसारखी दिसली की स्पेसचा आकडा वाढतो. ती सारखी का दिसतात, हे त्या आकड्यात नसतं. प्रसार कमी पडतोय, लांबच्या तळ्यापर्यंत जात पोहोचलेलीच नाही, तरी हा आकडा येतो. प्रसार जास्त होतोय, शेजारची तळी एकमेकांत मिसळताहेत, तरी हाच येतो. म्हणजे एकमेकांच्या विरुद्ध दोन कारणांचा एकच आकडा. आणि तिसरी शक्यता सगळ्यात जास्त वेळा खरी असते: तुम्ही न मोजलेलं पर्यावरणच जागेच्या रांगेत मांडलेलं असतं. गिल्बर्ट आणि बेनेट यांनी २०१० मध्ये कृत्रिम समुदाय तयार करून, म्हणजे खरं उत्तर आधीच माहीत असताना, ही पद्धत तपासली. पर्यावरण आणि स्पेसचे भाग भरवशाने वेगळे होत नाहीत असंच दिसलं.

बेल्जियममधल्या गेंक शहराजवळच्या ‘दे माटेन’च्या तळ्यांवर हे नीट समजतं. तिथली तळी ओहोळांनी एकमेकांना जोडलेली आहेत, आणि त्या ओहोळांतून झूप्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, मोठ्या संख्येने वाहून जातं हे मोजलेलं आहे. कुणीही म्हणेल, इथे मास इफेक्टच असणार. पण काही तळी नितळ, पाणवनस्पतींनी भरलेली. काही गढूळ, माशांची. मासे मोठे, सहज दिसणारे प्राणी आधी खातात. इतकी ये-जा असूनही तळ्यांतले समुदाय स्थानिक परिस्थितीप्रमाणे वेगळे राहिले. झूप्लँक्टनची पिढी काही दिवसांची असते. वाहून येणाऱ्यांचा दर तळ्यातल्या वाढ-घटीच्या दराशी बरोबरी करू शकला नाही, तर निवड जिंकते. ‘किती येतात’ हा आकडा एकटा निरुपयोगी आहे, तो या दराशी ताडूनच बघायचा.

आता समजा, अशाच तळ्यांवर तुम्ही पीएच, फॉस्फरस, खोली मोजली आणि मासे सोडून दिले. निव्वळ पर्यावरण ०.१८, सामाईक ०.११, निव्वळ स्पेस ०.१४ आलं. तुम्ही ‘मास इफेक्ट’ लिहिलं. मग कुणीतरी माशांचा रकाना जोडला. जोडलेल्या तळ्यांत मासेही सारखेच, त्यामुळे निव्वळ स्पेस ०.०४ वर आलं आणि सामाईक ०.२१ वर गेलं. एकूण ०.४३ तसंच राहिलं. तुमचा मास इफेक्ट म्हणजे मासे होते.

घाबरू नका, डेटा फुकट जात नाही. पार्टिशनिंगला निकाल म्हणायचं नाही, संशय म्हणायचा, आणि पुढे एक साधी तपासणी जोडायची. मास इफेक्टचा संशय असेल तर तळ्यातलं थोडं पाणी जाळीच्या किंवा प्लास्टिकच्या कुंपणात बंद करा, आवक तोडा आणि काही पिढ्या थांबा. जात आतून नाहीशी झाली आणि आवक चालू ठेवलेल्या कुंपणात टिकली, तर तुमचं म्हणणं उभं राहतं. दुसरं कुंपण नसेल तर करूच नका. कोंडल्यामुळेही प्राणी मरतात. प्रसार कमी पडतोय असं वाटत असेल तर उलट करा: जिथे जात नाही तिथल्या पाण्यात, बंद टबात, ती सोडून बघा (थेट तळ्यात नाही, कृपा करून). वाढली तर जागा योग्य होती, पोहोचणं बाकी होतं. पॅच डायनॅमिक्ससाठी मात्र एका मोसमाचा डेटा चालतच नाही. परिस्थिती न बदलता पॅच रिकामे होताना आणि पुन्हा भरताना दिसायला हवेत, आणि त्यासाठी त्याच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं. गाईड ‘एकदाच सॅम्पलिंग कर, बास’ म्हणाले तर ही चौकट प्रबंधातून काढून टाका.

कोकणातल्या किंवा सह्याद्रीतल्या सड्यांवर काम करणाऱ्यांना एक जास्तीची अडचण आहे. तिथली डबकी पावसात भरतात, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी होतात. फेअरी श्रिंप आणि डॅफ्नियाच्या गटातले क्लॅडोसेरा यांची अंडी तळाच्या मातीत सुप्त पडून असतात. जूनमध्ये नसलेली जात ऑगस्टमध्ये दिसली की आपण ‘वसाहत’ लिहून मोकळे होतो. ती बाहेरून आलेलीच नसते, खालून निघालेली असते. म्हणून मे महिन्यातच तळाची माती खरवडून घ्या आणि झाकलेल्या भांड्यात पाणी घालून उबवा. पहिल्या भिजण्यात सगळी अंडी फुटत नाहीत, तेव्हा तीच माती वाळवून पुन्हा भिजवा. त्यातून जे निघेल ते नव्याने आलेल्यांच्या यादीतून वगळा. उडत येणारे पाणभुंगे आणि पाणढेकूण मात्र वेगळ्या सारणीत ठेवा. ते स्वतः डबकं निवडतात. त्यांना वाऱ्या-पाण्याबरोबर जाणाऱ्यांत मिसळलं तर दोन वेगळ्या प्रसारांची सरासरी निघते, आणि तो आकडा दोघांपैकी कुणालाच लागू पडत नाही.