फ्लॅश स्टीम वसूल करताय? मग या चुका टाळा

कंडेन्सेट टँकच्या व्हेंटमधून दिवसभर वाफेचा लोट निघत असतो आणि बहुतेक ठिकाणी ते दृश्य इतकं सवयीचं झालेलं असतं की त्याकडे कुणी पाहत नाही. मग एखाद्या एनर्जी ऑडिटमध्ये तिथून वाया जाणाऱ्या वाफेचा आकडा समोर येतो, ती वेगळी काढायला घाईघाईने फ्लॅश व्हेसल बसवलं जातं, आणि सहा महिन्यांनी पाहिलं तर व्हेंट तसाच वाहतोय. असं का होतं, ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा कारखान्यात ७ बार गेज दाबाच्या वाफेवर चालणारे हीटर आहेत आणि त्यांच्यातून मिळून ताशी २००० किलो कंडेन्सेट निघतं. ७ बारला हे पाणी साधारण १७० अंश तापमानाचं असतं आणि त्याच्या प्रत्येक किलोत ७२१ किलोज्यूल उष्णता असते. वाफ अडवून फक्त कंडेन्सेट पुढे सोडणाऱ्या ट्रॅपमधून ते ०.५ बारच्या व्हेसलमध्ये आलं, की त्या दाबाला पाण्याला १११ अंशांच्या वर राहताच येत नाही. ०.५ बारचं पाणी किलोमागे फक्त ४६७ किलोज्यूल धरून ठेवतं. उरलेल्या २५४ किलोज्यूलना जायला एकच वाट असते: पाण्याचाच थोडा भाग उकळून त्याची वाफ होणं. ०.५ बारला एक किलो पाण्याची वाफ करायला २२२६ किलोज्यूल लागतात. २५४ ला २२२६ ने भागलं की ११.४ टक्के येतात. म्हणजे ताशी २२८ किलो फ्लॅश स्टीम.

वजनाने ११ टक्के ऐकून कुणाला फारसं काही वाटत नाही. पण या २२८ किलो वाफेत मूळ कंडेन्सेटमधली जवळजवळ ४३ टक्के उष्णता असते, कारण वाफेने आपली सुप्त उष्णता सोबत नेलेली असते. व्हेंटमधून जातं ते हे. शिवाय ते शुद्ध पाणी असतं. ते गेलं की तेवढंच पाणी नव्याने सॉफ्ट करून बॉयलरला द्यावं लागतं.

लोट दिसला की ट्रॅपवर खापर फोडणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. व्हेंटमधून वाफ दिसली की "ट्रॅप पास होतायत" असा निष्कर्ष निघतो, चांगले ट्रॅप बदलले जातात, आणि लोट काही कमी होत नाही. कमी होणारच नाही, कारण धडधाकट ट्रॅपमधून निघालेलं गरम कंडेन्सेटही कमी दाबाला आलं की फ्लॅश होतंच. वरच्या उदाहरणात व्हेसल नसेल आणि सगळं थेट वातावरणात सोडलं, तर ताशी सुमारे २६७ किलो फ्लॅश स्टीम निघणं हे अगदी योग्य चालणाऱ्या ट्रॅपचं लक्षण आहे. ट्रॅपच्या पुढे लगेच साइट ग्लास लावून बघणाऱ्यांचीही इथेच फसगत होते. तिथे वाफ दिसणारच.

खरंच लाइव्ह स्टीम, म्हणजे बॉयलरची न वापरलेली वाफ, निसटतेय का, हे ठरवायला पिंपाची चाचणी करावी. एका पिंपात ५० किलो थंड पाणी घ्यायचं. समजा ते २५ अंशांचं आहे. ट्रॅपच्या पुढच्या टेस्ट व्हॉल्व्हला उष्णतारोधक होज जोडायचा, तो पिंपाला घट्ट बांधायचा, आधी थोडा वेळ बाहेर सोडून गरम करून घ्यायचा आणि मग त्याचं तोंड पाण्याखाली बुडवायचं. वजन ५५ किलो झालं की काढायचा, पाणी ढवळायचं आणि तापमान घ्यायचं. ७ बारचं निव्वळ कंडेन्सेट आलं असेल तर तापमान ३८.५ अंशांच्या आसपास येईल. त्यात १० टक्के लाइव्ह स्टीम मिसळली असेल तर ते ४३ च्या जवळ जाईल. फरक साडेचार अंशांचाच असतो, त्यामुळे वजनकाटा आणि थर्मामीटर दोन्ही विश्वासाचे हवेत आणि चाचणी निदान दोनदा तरी करावी. थर्मोस्टॅटिक ट्रॅप कंडेन्सेट थोडं गार करून सोडतो, तिथे ३८.५ पेक्षा कमी आलं तर नवल नाही. हातमोजे, गॉगल आणि होजची पक्की पकड यांत तडजोड नको. सुटलेला होज माणूस भाजून काढतो.

लाइनच्या दाबावरून हिशेब मांडणं

११.४ टक्के हा आकडा कॉइलमध्ये खरोखर ७ बार असेल तरच खरा. ज्या हीटरवर तापमानाचा कंट्रोल व्हॉल्व्ह आहे, तिथे लाइनमध्ये ७ बार असले तरी लोड उतरला की व्हॉल्व्ह मिटत जातो आणि कॉइलमधला दाब खाली येतो. कॉइलमध्ये २ बार उरले, तर किलोमागे ५६१ किलोज्यूलच असतात आणि ०.५ बारला फ्लॅश होते ती ४.२ टक्के. लोड उतरल्याने कंडेन्सेटही कमी झालेलं असतं. ताशी ११०० किलो धरलं तर फ्लॅश स्टीम ४६ किलो. कागदावर २२८ आणि प्रत्यक्षात ४६, मग "व्हेसल चालत नाही" म्हणून त्याला बायपास मारलं जातं.

यातला जास्त त्रासदायक भाग पुढे आहे. कॉइलचा दाब ०.५ च्याही खाली गेला, तर कंडेन्सेटला व्हेसलकडे ढकलायला काहीच उरत नाही. ते कॉइलमध्ये साचतं. कॉइलचा खालचा भाग हाताला जाणवेल इतका गार पडतो, तापमान वरखाली व्हायला लागतं, आणि लोड वाढून वाफ पुन्हा जोराने आत आली की वॉटर हॅमरचे दणके बसतात. साचलेलं पाणी कॉइलचे पाइप कुरतडत राहतं ते वेगळंच. ऑपरेटर अशा वेळी ट्रॅपचा बायपास उघडून ठेवतो. त्याची अडचण खरी असते, पण त्यामुळे सगळी लाइव्ह स्टीम व्हेसलमध्ये घुसते.

म्हणून माझं ठाम मत आहे की आधी हीटरची विभागणी करावी. ज्यांचा दाब दिवसभर स्थिर असतो, त्यांचंच कंडेन्सेट फ्लॅश व्हेसलला जोडावं. कंट्रोल व्हॉल्व्हने खालीवर होणाऱ्या कॉइलचं कंडेन्सेट वेगळ्या लाइनने उतारावरून उघड्या व्हेंटच्या टँकला न्यावं. तिथली थोडी फ्लॅश हातची गेली तरी चालेल. कॉइल तुंबू देणं त्याहून महाग पडतं.

कंडेन्सेट म्हणजे पाणी, असं धरून पाइप निवडणं

ट्रॅपनंतरच्या पाइपमधून आपल्या उदाहरणात ताशी दोन घनमीटरसुद्धा पाणी जात नाही. पण त्याच पाइपमधून ०.५ बारची २२८ किलो वाफही जाते आणि तिचं घनफळ ताशी २६४ घनमीटर भरतं. पाण्याच्या हिशेबाने कुणी ४० मिलिमीटरचा पाइप टाकला, तर वाफेचा वेग सेकंदाला ५० मीटरच्या पुढे जातो. पाइप थरथरतो, वळणं झिजतात आणि सगळ्या ट्रॅपवर मागून दाब येतो. ८० मिलिमीटरच्या पाइपमध्ये हाच वेग १५ मीटरच्या आसपास येतो आणि तोच योग्य.

व्हेसलच्या आत वेग त्याहून खूप कमी हवा, सेकंदाला ३ मीटरच्या आत, म्हणजे पाण्याचे थेंब वाफेबरोबर वर न जाता खाली पडतील. त्यासाठी इथे निदान १८० मिलिमीटर व्यास लागतो. मी सरळ २५० घेईन.

व्हेसलचा तळ कसा रिकामा होणार, हे शेवटी बघणं

फ्लॅश स्टीम वर निघून गेली तरी तळाशी १७७२ किलो पाणी उरतंच. ते फ्लोट ट्रॅपमधून बाहेर काढायचं असतं आणि त्याला ढकलायला व्हेसलमधले ०.५ बारच असतात. आता रिटर्न लाइन वरच्या पाइप रॅकवर ४ मीटर चढवली असेल, तर दर मीटरला ०.१ बार या हिशेबाने ०.४ बार त्या चढातच खर्ची पडतात. उरलेल्या ०.१ बारवर तो ट्रॅप पूर्ण लोड काढूच शकत नाही. पातळी चढत जाते, पाणी वाफेच्या तोंडापर्यंत येतं आणि फ्लॅश स्टीम ओली होऊन पुढे जाते. लो प्रेशर लाइनवरचा ड्रेन उघडल्यावर भसाभस पाणी येत असेल, तर आधी व्हेसलचा लेव्हल ग्लास बघा. ग्लास नसेल तर बसवून घ्या.

उपाय साधा आहे. ट्रॅपनंतर पाणी उतारानेच खालच्या रिसिव्हरमध्ये सोडायचं आणि तिथून वाफेच्या दाबावर चालणाऱ्या कंडेन्सेट पंपाने वर चढवायचं. साधा इलेक्ट्रिक पंप लावायचा असेल तर त्याच्या सक्शनवर पुरेशी उंची हवी. उकळत्या टेकलेलं पाणी इंपेलरच्या तोंडाशी फ्लॅश होतं आणि पंप खडे भरल्यासारखा वाजायला लागतो.

पीआरव्ही आणि सरप्लस व्हॉल्व्ह एकमेकांच्या अंगावर सेट करणं

फ्लॅश स्टीम लो प्रेशर हेडरला जाते आणि कमी पडली तर मेन लाइनमधून पीआरव्ही, म्हणजे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, भर घालतो. जास्त झाली तर सरप्लस व्हॉल्व्ह तिला बाहेर सोडतो. हा क्रम बिघडला की नुकसान चोरपावलांनी होतं. नेहमीचा प्रकार असा: प्रीहीटर कमी पडतोय असं वाटून कुणीतरी पीआरव्ही ०.४ वरून ०.६ ला नेतो आणि सरप्लस व्हॉल्व्ह मात्र ०.५ लाच राहतो. मग बॉयलरची चांगली वाफ पीआरव्हीतून हेडरमध्ये येते आणि सरप्लसमधून थेट आकाशात जाते, अहोरात्र. गेजवर दाब व्यवस्थित दिसतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

हे ओळखायला पीआरव्हीच्या आधीचा आयसोलेशन व्हॉल्व्ह काही मिनिटं बंद करावा. सरप्लसचा लोट थांबला तर ती वाफ पीआरव्हीचीच होती. थांबला नाही तर हेडरवर ग्राहक कमी आहेत, किंवा एखादा ट्रॅप खरंच पास होतोय. मग पिंप काढायचं. सेटिंग करताना पीआरव्ही ०.४ आणि सरप्लस ०.७ असं स्पष्ट अंतर ठेवावं, कारण लोड नसताना पीआरव्ही स्वतःच्या सेटिंगपेक्षा थोडा वर जाऊन बंद होतो. सेफ्टी व्हॉल्व्ह या सगळ्यांच्या वर, आणि व्हेसलच्या डिझाइन दाबाच्या आत.

सगळं जागेवर आल्यावरही टँकच्या व्हेंटमधून थोडी वाफ येत राहील. व्हेसलमधून निघालेलं पाणी १११ अंशांचं असतं आणि वातावरणाच्या दाबाला त्यातलं आणखी २.१ टक्के फ्लॅश होतं, म्हणजे ताशी ३८ किलो. आधीच्या २६७ समोर एवढा लोट दिसला तर त्याच्या मागे लागू नका.