या चुका टाळा: सरसकट ‘ली’ लावू नका

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या गेटवर ‘ड्राइव्ह स्लो’ अशी पाटी आहे. परवा ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘पाटी बदला, स्लोली हवं.’ त्यावर बारा अंगठे आले. पण पाटी चुकलेली नाही.

जुन्या इंग्रजीत बरीच क्रियाविशेषणं विशेषणाच्या शेवटी एक छोटा स्वर जोडून होत. काळाच्या ओघात तो स्वर गळला आणि दोन्ही रूपं सारखीच उरली. ‘फास्ट’ हे त्यातलंच, आणि ‘स्लो’ही त्याच साच्यात बसतं. १८व्या शतकात व्याकरणकारांनी अशा रूपांना नावं ठेवली आणि ‘ली’ नसेल तर चूक, हा समज तिथून रुजला. पाटीवर, मेसेजमध्ये ‘ड्राइव्ह स्लो’ बिनधास्त लिहा. कंपनीच्या अहवालात मात्र ‘स्लोली’च शोभतं.

‘स्लो’ला एक मर्यादा आहे. ते क्रियापदानंतरच चालतं, तेही बहुतेक गो, ड्राइव्ह अशा चालण्या-चालवण्याच्या क्रियापदांसोबत. ‘त्याने हळूच दार उघडलं’ हे ‘ही स्लो ओपन्ड द डोअर’ असं होत नाही. शब्द क्रियापदाच्या आधी आला, की ‘स्लोली’ लागतंच.

‘स्पीक क्लिअर’ची गोष्ट वेगळी. आपण मराठीत ‘स्पष्ट उत्तर’ म्हणतो आणि ‘स्पष्ट बोला’ही म्हणतो. शब्द तोच, म्हणून इंग्रजीतही ‘क्लिअर’ सहज सुटतं. बोलताना ते खपून जातं, लिहिलेलं मात्र खटकतं. ‘लाउड अँड क्लिअर’ ही ठरलेली जोडी सोडली, तर ‘स्पीक क्लिअरली’ लिहा.

खरा घोटाळा होतो तो ‘ली’ नको तिथे लावल्यावर. ‘फास्टली’ आजच्या इंग्रजीत चालत नाही. ‘रन फास्ट’ हेच पूर्ण आणि शुद्ध आहे. ‘हार्डली’ हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ ‘जेमतेम, जवळपास नाहीच’. आमच्याच ग्रुपवर दिवाळीच्या बोनससाठी एकांनी लिहिलं होतं, ‘अवर वॉचमन हार्डली वर्क्स’. त्यांना म्हणायचं होतं, वॉचमन खूप राबतो. वाचणाऱ्याला कळलं, वॉचमन काम करतच नाही. रात्रभर गेटवर उभ्या असलेल्या माणसाबद्दल असं छापलं जाणं मला लागलं. ‘अवर वॉचमन वर्क्स हार्ड’ एवढंच हवं होतं. ‘लेट’चंही तसंच. ‘ही केम लेट’ म्हणजे तो उशिरा आला. ‘लेटली’ म्हणजे हल्ली.

शंका आली तर ‘ली’ लावलेला शब्द शब्दकोशात स्वतंत्र शोधा आणि त्याचा अर्थ मूळ शब्दाशी जुळतो का, तेवढं पाहून मगच पाठवा.