क्रियापद शेवटी असलेल्या भाषेत अंतर मोजताना या चुका टाळा

मराठी वाक्यवाचनाचे प्रयोग करणारी मुलं दर वर्षी माझ्याकडे तेच प्रश्न घेऊन येतात, आणि प्रश्नांच्या मुळाशी चुकाही त्याच असतात. बहुतेकांनी गिब्सनचा सिद्धांत इंग्रजी उदाहरणांतून वाचलेला असतो. एडवर्ड गिब्सनने १९९८ मध्ये मांडलेल्या आणि २००० मध्ये डिपेंडन्सी लोकॅलिटी थिअरी या नावाने सुटसुटीत केलेल्या या सिद्धांताचं म्हणणं साधं आहे. वाचताना एक शब्द आधीच्या ज्या शब्दाशी जोडायचा तो जितका मागे राहिला असेल तितकी जोडणी महाग पडते, कारण मधल्या मजकुरात तो मागचा शब्द स्मृतीत फिका होत जातो. शिवाय, जे अजून यायचं बाकी आहे त्याची वाट पाहण्याचाही खर्च असतो. इंग्रजीत क्रियापद लवकर येतं, त्यामुळे पहिला खर्च ठळक दिसतो. मराठीत कर्ता, कर्म, स्थळ, साधन सगळं हातात धरून वाचक क्रियापदाची वाट पाहतो. इंग्रजीतलं भाकीत तसंच्या तसं इकडे आणलं की पहिली ठेच लागते.

शब्द मोजू नका

अंतर म्हणजे मधले शब्द, असं धरून चालणारे खूप. गिब्सन शब्द मोजत नाही, मधे किती नव्या व्यक्ती, वस्तू किंवा घटना आल्या ते मोजतो. ‘राजूने अगदी सावकाश पुन्हा पुन्हा पत्र वाचलं’ या वाक्यात कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये पाच शब्द आहेत, पण नवी गोष्ट एकच, पत्र. ‘राजूने काकूंनी दिलेलं पत्र वाचलं’ यात तीनच शब्द, पण काकू आणि पत्र अशा दोन गोष्टी. सिद्धांताच्या हिशोबात दुसरं वाक्य जड. ‘दिलेलं’ या कृदन्ताला वेगळी घटना मानायची की नाही हा वादाचा मुद्दा आहे, कारण गिब्सनचा हिशोब काळ दाखवणाऱ्या क्रियापदावर बसवलेला आहे. मी मानत नाही. तुम्ही मानत असाल तर माना, पण ते वाक्यं लिहिण्याआधी वहीत लिहून ठेवा. आकडे आल्यावर ठरवलेला नियम मी वाचतसुद्धा नाही.

हिंदीशी तुलना करताना तर शब्द मोजूच नका. ‘मेज़ पर’ दोन शब्द आणि ‘टेबलावर’ एक, हा फरक छापण्याच्या पद्धतीचा आहे, स्मृतीचा नाही.

लांब वाक्य आणि आखूड वाक्य समोरासमोर ठेवू नका

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती, हुशार आणि प्रचंड घाईची. सेल्फ-पेस्ड रीडिंगचा प्रयोग, म्हणजे पडद्यावर एकेक शब्द येतो, वाचक बटण दाबत पुढे जातो, आणि प्रत्येक शब्दावर किती वेळ थांबला ते नोंदलं जातं. वाचक तिने सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांतून गोळा केले होते, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं. वाक्यं मला दाखवण्याआधीच तिने निम्म्याहून अधिक वाचकांकडून वाचूनही घेतली होती. एका सकाळी छापील आलेख घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, “मॅडम, आकडे उलटे आलेत. गटांची नावं अदलाबदल झाली असतील का?”

तिचं आखूड वाक्य होतं ‘राजूने पेटी ठेवली’. लांब वाक्य होतं ‘राजूने मावशीने लग्नात दिलेली जुनी पेटी शिडी लावून माळ्यावर ठेवली’. सिद्धांताप्रमाणे लांब वाक्यातल्या ‘ठेवली’वर वाचक अडखळायला हवा. तिच्याकडे तो तिथे सरळ पुढे निघून गेला होता, आखूड वाक्यापेक्षा लवकर. तिने दोन दिवस गटांची नावं तपासण्यात घालवले. नावं बरोबर होती.

मी तिला वाक्य बोटाने झाकून एकेक शब्द वाचायला लावलं. ‘राजूने पेटी…’ इथे थांब आणि पुढचं क्रियापद सांग. ती म्हणाली उघडली, विकली, आणली, आणि पुण्यात असल्यामुळे वाजवलीही. मग दुसरं वाक्य, ‘…जुनी पेटी शिडी लावून माळ्यावर…’. इथे ‘ठेवली’ किंवा ‘चढवली’ याशिवाय तिला काही सुचेना. मधे घातलेल्या शब्दांनी अंतर वाढवलं होतं, आणि त्याच शब्दांनी क्रियापद जवळजवळ सांगूनही टाकलं होतं. शिवाय आखूड वाक्यात ‘ठेवली’ तिसरा शब्द होता आणि लांब वाक्यात दहावा. वाक्यात पुढे सरकताना वाचकाचा हात तसाही वेग घेतो. म्हणजे तीन गोष्टी एकत्र बदलल्या होत्या, आणि ती त्या तिघींना मिळून अंतर म्हणत होती.

हा उलटा परिणाम नवा नाही. लार्स कोनिएच्नीने २००० मध्ये जर्मनमध्ये, वाक्याच्या शेवटी येणाऱ्या क्रियापदावर, नेमकं हेच दाखवलं. मधला मजकूर वाढला तसं क्रियापद लवकर वाचलं गेलं. वसिष्ठ आणि लुईस यांनी २००६ मध्ये हिंदी वाक्यांवरून दाखवलं की लोकॅलिटी, म्हणजे अंतर वाढलं की खर्च वाढणं, आणि तिच्या उलटा परिणाम हे दोन्ही स्मृतीच्या एकाच प्रारूपात बसवता येतात. रॉजर लेव्हीचा २००८ चा अपेक्षेवर आधारलेला सिद्धांत तर म्हणतो की क्रियापद जितकं अपेक्षित तितकं सोपं, आणि आधी जितके धागे मिळाले तितकी अपेक्षा धारदार. क्रियापद शेवटी असलेल्या भाषेत ही दोन भाकितं थेट आमनेसामने येतात. इंग्रजीत क्रियापदाआधी धागे थोडेच असतात, म्हणून तिथे ही झुंज फारशी दिसत नाही.

याहून बारीक काम २०१४ चं आहे. हुसेन, वसिष्ठ आणि श्रीनिवासन यांनी हिंदीत दोन प्रकारची क्रियापदं घेतली. एका प्रकारात नाम आणि क्रियापद मिळून एकच जोड असते, जसं मराठीत ‘काळजी घेणे’. दुसऱ्यात तीच क्रिया साध्या वस्तूबरोबर येते, जसं ‘पेन घेणे’. जिथे नाम ऐकताच क्रियापद ठरून जातं तिथे अंतराचा त्रास दिसेनासा झाला, आणि जिथे ठरत नाही तिथे तो दिसला. म्हणून एकाच यादीत ‘लक्ष ठेवलं’ आणि ‘पेटी ठेवली’ मिसळू नका. सरासरीत दोन्ही परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात, आणि तुम्ही ‘काहीच सापडलं नाही’ असं लिहून मोकळे होता.

माझी सवय अशी आहे की तेच शब्द ठेवायचे आणि फक्त कर्ता हलवायचा:

‘मावशी गावी गेल्यावर राजूने पेटी माळ्यावर ठेवली असं ताई सांगत होती.’

‘राजूने मावशी गावी गेल्यावर पेटी माळ्यावर ठेवली असं ताई सांगत होती.’

‘ठेवली’ दोन्हीकडे सातवा शब्द. त्याआधी वाचकाने पाहिलेले शब्दही तेच. पहिल्यात राजू आणि ठेवली यांच्यामध्ये पेटी आणि माळा, दुसऱ्यात त्यात मावशी आणि गावाची भर. मराठीची शब्दरचना लवचीक आहे, ती वापरा. एक त्रुटी मात्र राहते. दुसरा क्रम कमी रुळलेला असू शकतो, म्हणून दोन्ही वाक्यं आधी वेगळ्या लोकांना दाखवून किती सहज वाटतात ते विचारून घ्या. आणि फक्त ‘ठेवली’कडे पाहू नका. दुसऱ्या वाक्यात राजूला हातात धरून मावशीचं उपवाक्य सुरू होतं, तेव्हा वाट पाहण्याचा खर्च ‘मावशी’ आणि ‘गावी’वरच दिसू शकतो.

विश्लेषण मी इतकंच ठेवते. शब्दाची लांबी आणि प्रयोगात वाक्य कितवं आलं, हे दोन्ही सोबत असतात:

```r
lmer(log(rt) ~ antar + lambi + kram +
       (1 + antar | vachak) + (1 + antar | vakya), data = d)
```

त्या मुलीने सगळी वाक्यं नव्याने लिहिली. त्यात दीड महिना गेला. ‘ठेवली’वरची ती उलटी घाई दुसऱ्या फेरीत दिसली नाही.

मोजायचा शब्द वाक्याचा शेवटचा शब्द ठेवू नका

शेवटच्या शब्दावर वाचक पूर्ण वाक्य आवरून घेतो, आणि अडखळणं पुढच्या शब्दावर सांडायचं असेल तर पुढे शब्दच नसतो. वरचं ‘असं ताई सांगत होती’ त्यासाठीच आहे. ‘असं’ लहान आहे, प्रत्येक वाक्यात तेच आहे, आणि सांडलेला वेळ त्यावर छान दिसतो.

जड घटक शेवटी जाईल असं गृहीत धरू नका

इंग्रजीत लांबलचक कर्म वाक्याच्या शेवटी ढकलतात, आखूड आधी आणि लांब नंतर. विद्यार्थी मराठीतही तेच शोधतात आणि सापडलं नाही की सिद्धांत फसला म्हणतात. हिशोब करून पाहा. ‘राजूने शेजारच्या काकूंनी मागच्या आठवड्यात दिलेलं पत्र वाचलं’ यात राजू वाचण्यापासून लांब पडला आहे. ‘शेजारच्या काकूंनी मागच्या आठवड्यात दिलेलं पत्र राजूने वाचलं’ यात राजू आणि पत्र दोघंही क्रियापदाला चिकटले. क्रियापद शेवटी असेल तर अंतर कमी ठेवण्यासाठी लांब घटक आधी यावा लागतो. तत्त्व तेच, दिशा उलट. जपानीत यामाशिता आणि चँग यांनी २००१ मध्ये बोलणाऱ्यांची हीच ओढ दाखवली.

मात्र या ओढीचं वजन सगळीकडे सारखं नाही. फट्रेल, माहोवाल्ड आणि गिब्सन यांनी २०१५ मध्ये ३७ भाषांचे वाक्यसंग्रह तपासले. सगळ्यांत एकमेकांशी जोडायच्या शब्दांमधलं अंतर यादृच्छिक रचनेपेक्षा कमीच निघालं, पण जपानी, कोरियन, तुर्की अशा क्रियापद शेवटी असलेल्या भाषांत ते तुलनेने लांब होतं. प्रत्ययांनी कर्ता-कर्म ओळखू येतात म्हणून लांब अंतर परवडत असावं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. मला ते पटतं. ‘-ने’ ऐकला की पुढे भूतकाळी रूप येणार हे मराठी कान धरूनच चालतो.

स्मृतीची चाचणी भाषांतरित करून वापरू नका

डेनमन आणि कार्पेंटर यांच्या १९८० च्या चाचणीत वाचक काही इंग्रजी वाक्यं मोठ्याने वाचतो आणि मग प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द आठवून सांगतो. इंग्रजीत तो शेवटचा शब्द बहुधा नाम असतो. मी मागच्या वर्षी एका संशोधन केंद्रात मराठीत केलेली अशी चाचणी पाहिली. शेवटचे शब्द होते ‘होता’, ‘आहे’, ‘गेली’, ‘होता’, ‘होती’. वाचक ते विसरत नव्हते, एकमेकांत मिसळत होते, आणि ‘होता’ दोनदा म्हटलं तर गुण कसे द्यायचे यावर दोघं परीक्षक वाद घालत बसले होते. त्या गुणांवरून कुणाची स्मृती लहान आणि कुणाची मोठी हे ठरवून वाचनवेगाशी संबंध लावला होता. जपानी आवृत्तीने हा पेच कधीच सोडवला आहे. तिथे वाक्याच्या आतला एक शब्द अधोरेखित असतो आणि तो लक्षात ठेवायचा असतो. मराठीत मी अधोरेखित शब्द नेहमी नाम घेते, वाक्यातली त्याची जागा बदलत ठेवते, आणि एका संचात एकाच प्रत्ययाचे दोन शब्द येऊ देत नाही.