चार छोट्या चित्रांचं पीसीए करायला बसण्याआधी

चित्रं मुद्दाम लहान घ्या, म्हणजे प्रत्येक आकडा वहीत पडताळता येतो. २×२ ची चार पुरतात. ‘अ’ गटात (८, ६, २, ८) आणि (६, ८, ०, ६), ‘ब’ गटात (४, २, ६, ४) आणि (२, ४, ४, २). ओळखायला वेगळं ठेवलेलं पाचवं चित्र (३, ३, ५, ४), दिसायला ‘ब’सारखं. पिक्सेल ओळीने उलगडायचे, पाचही चित्रांत क्रम तोच. चित्र फाइलमधून वाचलं असेल तर आकडे आधी दशांशी करून घ्या, कारण `uint8` मध्ये ३ वजा ५ केलं की उणे २ येत नाही, २५४ येतं.

आता सरासरी चित्र काढा: (५, ५, ३, ५). हे वेगळ्या नावाने जपून ठेवा. ते दोनदा लागतं, आणि मागच्या वेळी माझं सगळं गणित दुसऱ्या वेळीच फसलं. पहिल्यांदा ते चारही चित्रांतून वजा होतं, ते कुणी विसरत नाही. दुसऱ्यांदा ते पाचव्या चित्रातून वजा व्हायला हवं. हेच सरासरी चित्र, चार चित्रांचं.

कोव्हेरियन्सला एक सापळा आहे. चित्रं ओळींत मांडली असतील तर `np.cov` ला `rowvar=False` सांगावं लागतं. नाहीतर ते प्रत्येक चित्रालाच चल समजतं आणि त्या चित्राची स्वतःची सरासरी वजा करतं. आपल्याकडे चित्रं चार आणि पिक्सेलही चार, त्यामुळे दोन्हीकडून मॅट्रिक्स ४×४ च येतं आणि आकारावरून चूक कळत नाही. म्हणून हातानेच लिहिलेलं बरं. `X` मध्ये चार चित्रं चार ओळींत, `x` म्हणजे पाचवं चित्र:

```python
m = X.mean(axis=0)
P = X - m
lam, U = np.linalg.eigh(P.T @ P / 3)
U = U[:, ::-1][:, :2]
Y = P @ U
y = (x - m) @ U
```

भागाकार ३ ने, म्हणजे चित्रांच्या संख्येपेक्षा एक कमी. `eigh` आयगेनव्हॅल्यू लहानाकडून मोठ्याकडे देतं, म्हणून स्तंभ उलटवले आहेत. हे राहिलं तर नेमक्या निरुपयोगी दिशा हाती येतात. इथे आयगेनव्हॅल्यू २१.३३ आणि ५.३३, उरलेल्या दोन शून्य. शून्याऐवजी अतिसूक्ष्म, कधी उणेही, आकडे दिसले तर ती राउंडिंगची धूळ आहे, टाकून द्या. पहिली दिशा (१, १, −१, १) भागिले २, दुसरी (१, −१, १, १) भागिले २. तुमच्याकडे चिन्हं उलटी आली तरी बिघडत नाही, फक्त सगळ्या चित्रांना तेच `U` लावा.

या दोन दिशांवर ‘अ’ची चित्रं (४, २) आणि (४, −२) वर पडतात, ‘ब’ची (−४, २) आणि (−४, −२) वर. गटांची केंद्रं झाली (४, ०) आणि (−४, ०).

आता पाचवं चित्र. सरासरी वजा करा! (−२, −२, २, −१) उरतं, प्रक्षेपण (−३.५, ०.५). ‘ब’च्या केंद्रापासून ०.७१, ‘अ’पासून ७.५२. उत्तर ‘ब’, निर्विवाद. वजाबाकी विसरलात तर तेच चित्र (२.५, ४.५) वर जाऊन पडतं: ‘अ’पासून ४.७४, ‘ब’पासून ७.९१. म्हणजे ‘अ’! प्रोग्रॅम कुठेही अडत नाही, एरर येत नाही, फक्त उत्तर चुकतं. सरासरी चित्र दोन्ही दिशांवर शून्य नाही, (६, ४) इतकं आहे. तेवढीच सरक चाचणीच्या चित्राला लागते आणि केंद्रांना लागत नाही.

याहून फसवी चूक म्हणजे पाचव्या चित्रातून त्याचीच सरासरी, ३.७५, वजा करणं. मग ते (−१.२५, ०.७५) वर येतं आणि उत्तर ‘ब’च निघतं, पण अंतर ०.७१ ऐवजी २.८५. उत्तर बरोबर आलं म्हणून पुढे जाऊ नका. खात्री अशी करा: शिकवलेलंच एक चित्र, (८, ६, २, ८), चाचणीच्या वाटेने पाठवा. बरोबर (४, २) आलं पाहिजे, चिन्हांचा फरक सोडून. (१०, ६) आलं तर सरासरी वजा करायची राहिली आहे.

चित्रं मोठी झाली, समजा १००×१००, तर १०,०००×१०,००० चं मॅट्रिक्स करत बसू नका. `P @ P.T` हे ४×४ घ्या, त्याच्या आयगेनव्हेक्टरना `P.T` ने गुणा आणि लांबी १ करून घ्या. लांबी राहिली तर आपल्या चित्रांत पहिली दिशा ८ पट आणि दुसरी ४ पट ताणली जाते, अंतरं बिघडतात.

किमान अंतराचा वर्गीकारक ‘यातलं कोणतंच नाही’ असं कधी म्हणत नाही. परकं चित्र आलं तर `x - m` मधून प्रक्षेपण वजा करून उरलेली लांबी बघा. आपल्या पाचव्या चित्रात ती ०.७१ आहे. फार मोठी निघाली तर उत्तर धरू नका. आणि ती मोजतानाही `m` तोच.