फ्यू-शॉट उदाहरणं निवडताना: मॉडेल सूर कुठून उचलतं

प्रॉम्प्ट म्हणजे काय, त्यात दोन-तीन नमुने का देतात, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. ज्या एका गोष्टीवर माझे कित्येक आठवडे गेले तेवढीच सांगतो. मॉडेल नमुन्यातून काम शिकतं, त्याहून जास्त सूर उचलतं.

समजा, वॉटर प्युरिफायरची सर्व्हिस देणाऱ्या एका कंपनीसाठी ग्राहकांच्या मेसेजना मराठीत उत्तरं तयार करायची आहेत. नमुने शोधायला आपण जुनी उत्तरं चाळतो आणि त्यातली 'चांगली' उचलतो. चांगली म्हणजे सविस्तर आणि नम्र, आणि तशी उत्तरं बहुतेक तक्रारींनाच लिहिलेली असतात. मग प्रॉम्प्ट असा होतो:

```
थोडक्यात उत्तर द्या.

ग्राहक: मशीनमधून पाणी गळतंय.
उत्तर: आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. ... दोन दिवसांत फोन येईल. (पाच वाक्यं)

ग्राहक: काल माणूस येणार होता, आलाच नाही.
उत्तर: आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. ... दोन दिवसांत फोन येईल. (सहा वाक्यं)

ग्राहक: बिलात जास्त पैसे लावलेत.
उत्तर: आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. ... दोन दिवसांत फोन येईल.
```

आता एखाद्याने साधं विचारलं, "फिल्टर किती महिन्यांनी बदलायचा?" तर उत्तर दिलगिरीने सुरू होतं, पाच वाक्यं चालतं आणि 'दोन दिवसांत फोन येईल' असं सांगून संपतं. कोणी फोन करणार नसतो. वर 'थोडक्यात' लिहिलंय, पण खाली तीन लांबलचक उत्तरं उभी आहेत. सूचना आणि नमुने भांडले की बहुतेक वेळा नमुने जिंकतात.

हा सापळा दिसत नाही, कारण प्रत्येक नमुना एकेकटा निर्दोष असतो. वाचणाऱ्याने कितीही वाचला तरी त्यात चूक सापडत नाही. नमुन्यांमध्ये सारखं काय आहे, ते बघावं लागतं. तिन्हींत सारखं जे जे असेल, सुरुवातीचं वाक्य, लांबी, एखादं आश्वासन, ते मॉडेल नियम म्हणून घेतं. तुम्हाला तो नियम अभिप्रेत होता की योगायोगाने आला, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून नमुने एकाखाली एक ठेवून फक्त पहिली वाक्यं वाचा, मग फक्त शेवटची. ओशाळायला होतं, पण दोन मिनिटांत कळतं.

'आणखी उदाहरणं घाल' असा सल्ला देणारे सीनियर सगळीकडे भेटतात. त्याच साच्यातली आणखी पाच घातलीत तर साचा पक्का होतो, बाकी काही नाही. तयार प्रॉम्प्टच्या संग्रहांबद्दल तर मी बोलतच नाही. दुसऱ्याचे नमुने म्हणजे दुसऱ्याच्या सवयी.

वरच्या प्रॉम्प्टमध्ये मी एकच तक्रार ठेवीन. दुसरा नमुना एका ओळीत संपणाऱ्या साध्या प्रश्नाचा. तिसरा असा, जिथे माहिती अपुरी आहे आणि उत्तरात फक्त मशीनचा मॉडेल नंबर विचारलाय. मुदती आणि आकडे प्रत्येकात वेगळे. मुदतीच्या जागी रिकामे कंस ठेवायची युक्ती करू नका. कधीतरी ते कंस तसेच ग्राहकाला जातात.

क्रमाचं प्रकरण वेगळं आहे. 'कॅलिब्रेट बिफोर यूज' या २०२१च्या शोधनिबंधात जीपीटी-३ला चित्रपट-परीक्षणं चांगली की वाईट ते ओळखायला दिलं होतं. तेच चार नमुने, फक्त क्रम बदलला, तर अचूकता सुमारे ५४ टक्क्यांपासून ९३ टक्क्यांपर्यंत हलली. शेवटी आलेल्या नमुन्यांकडे मॉडेल झुकतं, हे त्यातलं एक कारण. घाबरू नका, पुढची मॉडेलं क्रमाने इतकी हेलकावत नाहीत. पण लांबी आणि सूर यांच्यावर शेवटच्या नमुन्याची छाप मला अजूनही दिसते.

तपासणं सोपं आहे, फक्त कंटाळवाणं. तीन नमुन्यांचे सहा क्रम होतात. नमुन्यांत नसलेले दहा खरे मेसेज घ्या, टेम्परेचर शून्यावर ठेवा, म्हणजे तेच विचारलं तर उत्तर दर वेळी फारसं बदलणार नाही, आणि साठ उत्तरं काढा. प्रत्येकाची शब्दसंख्या आणि पहिले तीन शब्द तक्त्यात लिहा. सोबत नमुन्यांशिवायची दहा उत्तरंही ठेवा, म्हणजे मॉडेलचा स्वतःचा सूर कोणता आणि तुम्ही लावलेला कोणता ते वेगळं दिसेल. क्रम बदलल्यावर शब्दसंख्या दुप्पट-तिप्पट होत असेल, तर क्रमाशी खेळत बसू नका. नमुने एकमेकांपासून फार लांब गेलेत, मधल्या लांबीचा एक घाला. फरक किरकोळ असेल तर सर्वात जास्त येणाऱ्या प्रकारचा नमुना शेवटी ठेवा आणि तक्रारीचा सर्वात वर.

साठ उत्तरं वाचायचा खरंच कंटाळा आला, तर निदान फिल्टरसारखे साधे प्रश्न सहाही क्रमांत वाचा. दिलगिरी पहिल्यांदा तिथेच सापडते.